कांदा चाळीची जाहिरात आणि तीन उसन्या जागा: छोट्या व्हिडिओच्या स्क्रिप्टमधला कॉपीराइट

पुढचा प्रसंग अभ्यासासाठी बेतलेला आहे. त्यातला कायदा, तारखा आणि यूट्यूबचे नियम मात्र खरे आहेत.

नाशिकच्या दिंडोरी रोडवर कांदा साठवायच्या चाळीचं सामान विकणारं एक दुकान आहे. लोखंडी सांगाडा, जाळी, पत्रे असा सगळा माल तिथे मिळतो. मार्चअखेर उन्हाळ कांदा निघायला लागतो आणि गिऱ्हाईक चाळीची चौकशी करायला येतं. त्याआधी यूट्यूबवर आणि इन्स्टाग्रामवर टाकायला दुकानदाराला एक उभा व्हिडिओ हवा आहे. लांबी एक मिनिट पन्नास सेकंद. व्हिडिओ करणारी टीम तिघांची आहे: एक लिहिणारी, एक कॅमेरा धरणारा आणि एक एडिटर.

पहिल्या स्क्रिप्टमध्ये तीन जागा उसन्या होत्या. सुरुवातीला ८ सेकंद एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातला संवाद, मूळ चित्रासकट. तिसाव्या सेकंदापासून १४ सेकंद एका मराठी वृत्तवाहिनीचं फुटेज, ऑगस्ट २०२३ मधल्या बंद लिलावाचं. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव थांबले, त्या दिवसांतलं. लिलाव बंद पडले तरी चाळीतला कांदा टिकला पाहिजे, हा जाहिरातीचा मुद्दा असल्याने हे फुटेज लिहिणारीला अगदी नेमकं वाटलं. शेवटी २२ सेकंद १९६२ मधल्या एका मराठी चित्रपटातलं शेतावरचं गाणं. तिन्ही जागांपुढे एकच शेरा होता: ‘नेटवरून घेणे, सौजन्य लिहिणे’.

सगळी अडचण या शेऱ्यात आहे. सौजन्य लिहिलं की वस्तू कोणाची ते कळतं, पण ती वापरायची परवानगी त्यातून मिळत नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हे वाक्य नाशिकच्या कुठल्याही एडिटिंगच्या खोलीत ऐकू येईल. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये तशी सेकंदांची सूट कुठेही नाही. कायदा विचारतो ते वेगळंच: कशासाठी घेतलं, किती घेतलं, जे घेतलं ते मूळ कृतीत किती महत्त्वाचं होतं, आणि त्यामुळे मूळ मालकाच्या धंद्याला धक्का बसतो का. यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्क्रिप्ट लिहितानाच ठरतं. म्हणून एडिटरने नंतर कितीही कापाकापी केली तरी लिहिणाऱ्याने केलेली चूक पुरती निघत नाही.

आधी बातमीचं फुटेज घेऊ, कारण ‘बातमी तर सगळ्यांची असते’ असं म्हणून तिथेच सर्वांत जास्त लोक फसतात.

घटना सगळ्यांची असते हे खरं. शुल्क ४० टक्के होतं, लिलाव बंद झाले, आवारात शुकशुकाट होता, ही माहिती कोणाच्या मालकीची नाही. ती आपल्या शब्दांत सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. पण आवार चित्रित करणाऱ्या कॅमेऱ्याची फ्रेम, निवेदिकेचा आवाज, खाली धावणारी पट्टी यांना मालक आहे. शिवाय वाहिनीला स्वतःच्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा वेगळा हक्क कायद्याच्या कलम ३७ ने दिला आहे. कोपऱ्यात लोगो दिसतो म्हणून ते चित्रण त्याच वाहिनीचं असेल असंही धरता येत नाही. वाहिन्या वृत्तसंस्थांकडून आणि गावोगावच्या वार्ताहरांकडून फुटेज घेतात. तेव्हा वाहिनीतल्या ओळखीच्या माणसाने फोनवर ‘वापरा हो’ म्हटलं तरी तो अधिकार त्याच्याकडे असेलच असं नाही.

कलम ५२ (१) (क) मध्ये, म्हणजे इंग्रजी मजकुरातल्या ‘ए’ खंडात, योग्य वापराची सूट आहे. तीन कामांसाठी: खाजगी वापर आणि संशोधन, एखाद्या कृतीची टीका वा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. टीमचा भरवसा या तिसऱ्या कामावर होता. ‘आपण पण कांद्याची बातमीच सांगतोय ना’, असा युक्तिवाद.

तो किती टिकतो हे बघायला तेच १४ सेकंद दुसऱ्या व्हिडिओत ठेवून पाहू. समजा, निफाडचा एक शेतकरी शेतीच्या बातम्यांचा चॅनल चालवतो. २१ ऑगस्ट २०२३ ला त्याने व्हिडिओ केला: शुल्क का लागलं, लिलाव का थांबले, उद्या काय होईल. मध्ये त्या फुटेजचे चार-पाच सेकंद आवाज बंद करून दाखवले आणि वर स्वतः बोलला. इथे वार्तांकन आहे, घडामोड चालू आहे, आणि घेतलं तेवढंच जेवढं सांगायला लागतं. ही बाजू मांडण्यासारखी आहे. आणखी एक धरू: कोणीतरी व्हिडिओ केला की या बातमीत दाखवलेला भाव चुकीचा होता, पडद्यावरची पट्टी बघा आणि बाजार समितीच्या दरपत्रकातला आकडा बघा. मग ते फुटेज हाच टीकेचा विषय झाला. ते दाखवल्याशिवाय टीका होऊच शकत नाही. ही बाजू आणखी भक्कम.

आता दुकानाची जाहिरात. घडामोड जुनी झाली आहे. फुटेजवर कोणी काही बोलत नाही, निवेदिकेचा आवाज आहे तसा चालू आहे, आणि लगेच पुढे चाळीचा सांगाडा येतो. फुटेज घेण्याचं खरं कारण एवढंच की टीम त्या दिवशी आवारात नव्हती, आणि ते विकत घेतलं तर पैसे पडतील. वाहिन्या आणि वृत्तसंस्था नेमकं हेच विकतात. म्हणजे मूळ मालकाच्या धंद्यालाच हात घातला. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका नाटकाच्या विडंबनाच्या खटल्यात तपासून पाहायला जे मुद्दे घालून दिले, म्हणजे घेतलेल्या भागाचं प्रमाण आणि मोल, हेतू, आणि दोन कृतींची एकमेकींशी स्पर्धा, ते इथे लावले तर जाहिरात एकाही मुद्द्यावर सावरत नाही.

स्क्रिप्टची ओळ तपासायची एक साधी रीत आहे. फुटेज काढून त्या जागी काळी पट्टी ठेवायची आणि निवेदन वाचायचं. निवेदनातलं एखादं वाक्य ‘हे बघा’ म्हणून अडकलं, म्हणजे ते फुटेज दाखवल्याशिवाय अर्थच लागेना, तर सूट मिळण्याची शक्यता आहे. निवेदन सुरळीत पुढे गेलं तर फुटेज निव्वळ सजावट होतं. या स्क्रिप्टमध्ये निवेदन एका अक्षरालाही अडखळत नव्हतं.

गाण्याचं प्रकरण वेगळं आहे. तिथे टीमने थोडा अभ्यास केला होता, पण तो अर्ध्यावर सोडला होता. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६२ चा चित्रपट, म्हणजे २०२२ संपताना मुदत संपली. इथपर्यंत हिशेब बरोबर. पण गाणं म्हणजे फक्त ध्वनिमुद्रण नव्हे. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि या दोन्हींचा कॉपीराइट त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वतंत्रपणे चालतो. ध्वनिमुद्रण मोकळं झालं म्हणून शब्द मोकळे होत नाहीत. उदाहरणार्थ, गदिमा १९७७ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चाली २०६२ संपेपर्यंत. नाशिककरांच्या स्क्रिप्टमध्ये हटकून येणाऱ्या कुसुमाग्रजांच्या ओळींनाही हाच नियम: निधन १९९९, म्हणून २०५९ संपेपर्यंत. कवितेची पाटी रस्त्यात लावलेली दिसते म्हणून ती जाहिरातीत वाचायला मोकळी ठरत नाही.

‘मग आपणच गाऊन घेऊ’ हा पुढचा उपाय असतो. त्याने म्युझिक कंपनीच्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो. शब्दांचा आणि चालीचा सुटत नाही. कव्हर गाण्यांसाठी कायद्यात कलम ३१सी आहे खरं, पण ते ध्वनिमुद्रणापुरतं आहे आणि त्यालाही पूर्वसूचना व रॉयल्टी लागते. चित्राखाली गाणं जोडायचं तर वेगळी परवानगी घ्यावी लागते. तिला धंद्यात ‘सिंक’ म्हणतात. मंगल कार्यालयाने किंवा हॉटेलने कार्यक्रमात गाणी वाजवायचा परवाना काढलेला असतो, तो या कामाचा नाही. ती परवानगी त्या जागेत वाजवण्याची असते.

चित्रपटाच्या संवादात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या सुट्या करून पाहाव्या लागतात. एक म्हणजे संवादाचे शब्द, दुसरी ती ८ सेकंदांची क्लिप. क्लिप हा चित्रपटाचाच भाग आहे. त्यातली एक फ्रेम फोटो म्हणून घेतली तरी ती प्रतच धरली जाते. शब्दांचं तसं नाही. दोन-चार शब्दांवर सहसा कॉपीराइट बसत नाही. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका वृत्तवाहिनीच्या ग्राहकजागृतीच्या जाहिरातीत गाजलेल्या गाण्याचे मोजके शब्द वापरल्याचं प्रकरण क्षुल्लक मानून सोडलं. पण त्याआधी एकल न्यायाधीशांनी मनाई दिलेली होती आणि वाहिनीला अपिलात जावं लागलं. शिवाय ती जागृतीची जाहिरात होती, माल विकायची नव्हे. दिंडोरी रोडच्या दुकानदाराने या निकालाच्या जोरावर वकिलाची फी भरायची तयारी ठेवावी, असा सल्ला देता येत नाही. आणि संवाद त्या नटाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून म्हटला, तर जाहिरातीत त्याच्या ओळखीचा फायदा उठवल्याचा आणखी एक आक्षेप उभा राहतो. त्याचा कॉपीराइटशी संबंधही नाही.

हे सगळं तसंच ठेवून व्हिडिओ चढवला तर काय होतं ते क्रमाने पाहू, कारण ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ हे दोन शब्द लोक एकच समजतात.

यूट्यूबवर व्हिडिओ चढत असतानाच तपासणी होते. गाणं तिथेच पकडलं जातं. याला कंटेंट आयडी क्लेम म्हणतात. यंत्र आवाज जुळवून पाहतं, मुदत संपली का, वापर योग्य का, हे त्याला कळत नाही. क्लेम म्हणजे शिक्षा नाही. मालक व्हिडिओ अडवू शकतो, त्यावर जाहिराती लावून पैसे स्वतः घेऊ शकतो, किंवा नुसती नोंद ठेवू शकतो. पण इथे एक गाठ आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओ शॉर्ट धरला जातो, आणि एक मिनिटापेक्षा लांब शॉर्टवर क्लेम असेल तर तो जगभर अडवला जातो. आपला व्हिडिओ एक मिनिट पन्नास सेकंदांचा. म्हणजे मालकाने काही ठरवायच्या आतच तो बंद. टीमला मग वाटतं की एकोणसाठ सेकंदांवर आणू. आणलं की व्हिडिओ दिसू लागेलही, पण क्लेम तसाच राहतो आणि परवानगी नसल्याचा मूळ दोषही.

क्लेमवर आक्षेप घेता येतो. मालकाला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्याने नाकारलं तर अपील, त्याला ७ दिवस. अपिलानंतर मालक थेट व्हिडिओ उतरवायची विनंती करू शकतो, आणि ती मान्य झाली की चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे उल्लंघनाचा ठपका, बसतो. म्हणून ‘१९६२ चं गाणं आहे’ एवढ्याच बळावर आक्षेप घेणं धोक्याचं. गीतकार-संगीतकारांच्या हक्काचं उत्तर तुमच्याकडे नाही.

बातमीच्या फुटेजवर बहुधा माणूस नजर ठेवून असतो. तिथे क्लेमचा टप्पा न येता थेट उतरवण्याची विनंती येऊ शकते. स्ट्राइक ९० दिवस राहतो, त्यात कॉपीराइटचा छोटा पाठ पूर्ण करावा लागतो, आणि तीन झाले तर चॅनल जाऊ शकतो. मे २०२५ मध्ये एका वृत्तसंस्थेने यूट्यूबरांना काही सेकंदांच्या फुटेजवरून स्ट्राइक दिले आणि मागे घेण्यासाठी परवान्याची मोठी रक्कम मागितली, म्हणून देशभर वाद झाला. त्या मागणीच्या न्याय्यतेबद्दल मतं काहीही असोत, एक गोष्ट तेव्हा सगळ्यांना दिसली: ज्याच्या हातात स्ट्राइक आहे त्याच्याशी भाव ठरवताना आपली बाजू पडती असते.

आणि स्ट्राइक बसतो कोणाच्या चॅनलवर? दुकानाच्या. एडिटरच्या नव्हे. दुकानदाराने कदाचित स्क्रिप्ट नीट वाचलीही नसेल. व्हिडिओ पुसून टाकला तरी स्ट्राइक जात नाही, हे कळेपर्यंत बरेच जण तो पुसून मोकळे होतात. वाट पाहणं, मालकाकडून स्ट्राइक मागे घ्यायला लावणं, किंवा व्हिडिओ चुकीने उतरवला असं सांगणारी प्रतिसूचना देणं, एवढेच मार्ग. प्रतिसूचनेत तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो आणि त्याला कोर्टात गेल्याचं दाखवायला अमेरिकेतले कामाचे १० दिवस मिळतात. शेतकऱ्याच्या बातमी चॅनलने ती जरूर द्यावी. या जाहिरातीने देऊ नये. चूक कबूल करून, फुटेज काढल्याचं सांगून, मागे घेण्याची विनंती करणारं साधं पत्र इथे जास्त कामाचं.

तर स्क्रिप्ट पुन्हा लिहिली.

सुरुवातीचे ८ सेकंद. क्लिप काढली. संवादाच्या जागी दोन माणसं आणि नवी वाक्यं आली. फाटकाशी उभा व्यापारी म्हणतो, “भाऊ, आज लिलाव नाही.” ट्रॅक्टरवरचा शेतकरी मागच्या ट्रॉलीकडे बघतो. “माझं ठीक आहे हो शेठ. कांद्याला कोण सांगणार थांबायला?” आठ सेकंदांत बसतं, आणि जुन्या संवादापेक्षा चाळीच्या मुद्द्याला थेट भिडतं.

बातमीचे १४ सेकंद. बाजार समितीची परवानगी घेऊन सुट्टीच्या दिवशी रिकाम्या आवाराचं सहा सेकंद चित्रण करायचं. खाली ‘संग्रहित’ लिहायचं नाही, कारण ते संग्रहित नाही, ‘प्रातिनिधिक दृश्य’ लिहायचं. उरलेले आठ सेकंद निव्वळ पाटी: ‘१९ ऑगस्ट २०२३: कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क’. राजपत्रात छापलेला मजकूर कलम ५२ खाली मोकळा आहे, तेव्हा अधिसूचनेचं पान दाखवायलाही हरकत नाही. वर्तमानपत्राचं कात्रण मात्र ठेवलं नाही. मथळा चालला असता, पण फ्रेममध्ये शेजारचा फोटोही येत होता आणि तो छायाचित्रकाराचा आहे.

आवारात चित्रण करताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. फाटकाशेजारच्या चहाच्या टपरीवर मोबाइलवर गाणं वाजत असतं. ते संवादाखाली पुसट ऐकू आलं तरी यंत्र पकडतं. मागे सहज दिसलेल्या चित्राला वा पुतळ्याला कायद्यात सूट आहे, मागे सहज वाजलेल्या गाण्याला तशी नाही. दोन मिनिटं गाणं बंद ठेवायची विनंती करावी, कॉलरचा माइक लावावा, आणि लोक पांगल्यावर आवाराचा नुसता आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करून ठेवावा. एडिटरला तो जोड देताना लागतो. संवाद आणि गाणं एकाच ट्रॅकवर आले तर नंतर वेगळे होत नाहीत, म्हणून हे जागेवरच करायचं.

शेवटचे २२ सेकंद. गाण्याच्या जागी जात्यावरची ओवी. परंपरेने आलेल्या ओवीला कोणी एक मालक नसतो. पण कोणीतरी पुस्तकासाठी रचलेली नवी ओवी असेल तर आहे, म्हणून गाणाऱ्या मावशींना ‘ही कुठून शिकलात’ हे विचारून लिहून ठेवायचं. त्यांच्या गाण्यावर त्यांचा कलाकार म्हणून स्वतःचा हक्क आहे. त्यांचं मानधन आणि लेखी संमती दोन्ही हवेत, आणि संमतीत ‘जाहिरातीसाठी’ हा शब्द स्पष्ट हवा. संतांचे अभंग घेतले तरी असंच: तुकोबांचे शब्द मोकळे, पण ऐकीव लोकप्रिय चाल कोणा संगीतकाराची असते.

दुकानदाराला ते जुनं गाणंच हवं असतं तर रीतसर मागता आलं असतं. त्या पत्रात काय लिहिलं नाही त्यावरून नंतर भांडणं होतात. कायद्यानुसार परवाना लेखी लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हा व्हिडिओ दुबईतला कांदा व्यापारीही बघेल. म्हणून पत्रात गाण्याचा कुठला भाग, किती सेकंद, कुठकुठे दिसणार, ‘जगभर’, किती वर्षं, आणि पैसे भरून जाहिरात म्हणून चालवणार का, हे सगळं नोंदवायचं. शेवटचा मुद्दा इन्स्टाग्रामसाठी खास. ॲपमध्ये मिळणारी चित्रपटगीतं वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी असतात. दुकानाच्या जाहिरातीखाली ती लावली तर परवानगी आहे असं समजू नये. जाहिरातीसाठी तिथे वेगळा मोकळ्या संगीताचा संग्रह दिलेला आहे.

स्क्रिप्टच्या तक्त्यात आता दोन रकाने वाढले: ‘मालक’ आणि ‘कागद’. ओवीच्या ओळीत असं लिहिलं आहे: “१:२५ ते १:४७. जात्यावरची ओवी, पारंपरिक, गाणाऱ्यांना आईकडून. ध्वनिमुद्रण आपलं. संमतीपत्र सही झालं, मानधन दिलं, प्रत दुकानाकडे.” ‘कागद’ रकाना रिकामा असलेली ओळ एडिटरने टाइमलाइनवर घ्यायची नाही, असं टीम आणि दुकान यांच्या करारात लिहिलं. त्याच करारात, दुकानदाराने स्वतः व्हॉट्सॲपवर पाठवलेलं गाणं वा क्लिप घ्यायला लावली तर त्याची जबाबदारी दुकानाची, हेही लिहिलं.

सध्या तक्त्यात एकच ओळ अडलेली आहे. १:४७ ते १:५० वर दुकानाचं बोधचिन्ह येतं. ते सात वर्षांपूर्वी एका मुलाने बनवून दिलं होतं. तो दुकानाचा नोकर नव्हता, पैसे रोख दिले होते, आणि हक्क दुकानाकडे आल्याचा कागद कोणाकडेच नाही.